किल्ल्याचा व्हिडिओ नेमका कुणासाठी?

यूट्यूबवर व्हिडिओ चढवताना शीर्षक, वर्णन आणि थंबनेल यांवर माणूस तासन्‌तास घालवतो. त्याच पानावर थोडं खाली एक प्रश्न असतो: हा व्हिडिओ लहान मुलांसाठी बनवलेला आहे का? होय की नाही, हे निवडल्याशिवाय व्हिडिओ प्रसिद्धच होत नाही. त्यामुळे बरेच जण मनात येईल तो पर्याय निवडून पुढे सरकतात. आणखी खाली `Show more` असं लिहिलेलं असतं. ते उघडलं तरच भाषेचा आणि कॅटेगरीचा रकाना दिसतो. पुष्कळांनी तो भाग कधी उघडलेलाच नसतो. ज्यांनी उघडलेला असतो, ते कॅटेगरी कोणती निवडावी यावर डोकं खपवतात आणि भाषा तशीच सोडून देतात. या तीन गोष्टींपैकी कोणती आपला व्हिडिओ कुणापुढे जातो ते किती ठरवते, याचा विचार केला तर क्रम बरोबर उलटा लागतो. प्रेक्षकाचा प्रश्न सगळ्यांत वजनदार, त्याखालोखाल भाषा, आणि कॅटेगरीचं वजन अगदी थोडं.

एक उदाहरण धरून चालू. साताऱ्यातल्या एका शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या बाई आहेत असं समजा. दर दिवाळीला शाळेतली आणि गल्लीतली मुलं त्यांच्याकडे किल्ला कसा करायचा हे विचारायला येतात. या वर्षी त्यांनी नऊ मिनिटांचा व्हिडिओ केला. तळाला दगड आणि विटा कशा रचायच्या, त्यावर पोतं कसं अंथरायचं, मातीचा काला किती पातळ ठेवायचा, बुरूज ढासळू नये म्हणून उतार कुठे द्यायचा, हिरवळीसाठी अळीव किंवा मोहरी किती दिवस आधी पेरायची आणि पाणी घालताना पायऱ्या वाहून जाऊ नयेत म्हणून काय करायचं, हे सगळं त्यात आहे. बोलणं बाईंचं, हात बाईंचे, आणि मदतीला पाचवीतली दोन मुलं. शेवटी किल्ल्यावर मावळे मांडले जातात आणि सिंहासनावर महाराज बसतात.

व्हिडिओ चढवायला मदत करणारा त्यांचा जुना विद्यार्थी म्हणतो, "बाई, यात मुलं आहेत, मावळे आहेत, दिवाळीचा किल्ला म्हणजे मुलांचाच की. 'होय' करा." बाईंनाही ते पटतं. इथे जरा थांबायला हवं.

हा प्रश्न आला कुठून, ते आधी पाहू. अमेरिकेत मुलांच्या ऑनलाइन खासगीपणासाठी १९९८ साली झालेला एक कायदा आहे. तेरा वर्षांखालच्या मुलाची माहिती पालकांच्या संमतीशिवाय गोळा करू नये, असं तो सांगतो. मुलांचे व्हिडिओ बघणाऱ्यांचा माग ठेवून त्यांना जाहिराती दाखवल्या, असा ठपका गूगल आणि यूट्यूबवर आला. सप्टेंबर २०१९ मध्ये त्यांनी अमेरिकेचा फेडरल ट्रेड कमिशन आणि न्यूयॉर्क राज्य यांच्याशी तडजोड केली आणि १७ कोटी डॉलर भरायचं मान्य केलं. त्याच तडजोडीतून हा प्रश्न अपलोडच्या पानावर आला. २०२० च्या जानेवारीपासून मुलांसाठीच्या व्हिडिओंवर नवे निर्बंध लागू झाले. कायदा अमेरिकेचा असला तरी यूट्यूबने हा प्रश्न जगभरच्या सगळ्यांना लावला आहे, म्हणून साताऱ्यातल्या बाईंनाही त्याचं उत्तर द्यावं लागतं. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने तर मुलाची व्याख्या अठरा वर्षांखालची केली आहे, आणि मुलांचा माग ठेवणं व त्यांना नेमून जाहिरात दाखवणं यांवर त्यातही बंदी आहे.

तेव्हा 'होय' म्हणणं म्हणजे यूट्यूबला सांगणं, की हा व्हिडिओ बघणारा कुणीही असो, तो लहान मूल आहे असं धर आणि त्याची माहिती कमीत कमी ठेव. बघणारा पन्नास वर्षांचा असला तरी त्या व्हिडिओपुरती त्याला हीच वागणूक मिळते. मग पुढचं सगळं ओघाने येतं. आवडीनिवडी पाहून दाखवल्या जाणाऱ्या जाहिराती बंद होतात, म्हणजे उत्पन्नही घटतं. खाली कॉमेंट लिहिता येत नाहीत. व्हिडिओ प्लेलिस्टमध्ये साठवून ठेवता येत नाही. शेवटी येणाऱ्या पुढच्या व्हिडिओंच्या चौकटी आणि मधली कार्डं दिसत नाहीत. पूर्ण चॅनेलच मुलांसाठीचं ठरवलं असेल तर घंटा दाबून नवीन व्हिडिओची सूचना मिळवण्याची सोयही जाते.

शिफारशींच्या दृष्टीने सगळ्यांत मोठा बदल वेगळाच आहे, आणि तो यूट्यूबने स्वतःच सांगितलेला आहे: मुलांसाठी म्हणून ठरवलेला व्हिडिओ मुलांच्याच इतर व्हिडिओंसोबत सुचवला जाण्याची शक्यता जास्त असते. बाईंचा नऊ मिनिटांचा मातीकाम शिकवणारा व्हिडिओ आता कार्टून आणि बालगीतांच्या शेजारी जाऊन बसणार. तिथे बघणारं मूल चार वर्षांचं आहे. त्याला पोतं कसं अंथरायचं यात रस नाही. ते पंधरा सेकंदांत दुसऱ्या व्हिडिओवर जातं. आणि ज्या बाबांनी आठ दिवसांत सोसायटीच्या मुलांकडून प्रतापगड करून घ्यायचं कबूल केलंय, त्यांना हा व्हिडिओ सापडला तरी तो साठवता येत नाही, की "आमच्याकडे लाल माती नाही, काळी चालेल का?" हे विचारता येत नाही.

मग 'नाही' म्हणावं का? उत्तर उत्पन्नाकडे बघून द्यायचं नाही, कारण हा कायदेशीर जबाब आहे आणि त्याची जबाबदारी चढवणाऱ्यावर असते. ते ठरवायच्या कसोट्या आहेत. व्हिडिओचा विषय कोणता, मुख्य प्रेक्षक म्हणून मुलं डोळ्यांसमोर होती का, त्यात कार्टूनची पात्रं किंवा खेळणी आहेत का, भाषा मुलांना समजेल अशी मुद्दाम ठेवली आहे का, मुलांची गाणी, गोष्टी किंवा खेळ आहेत का, मुलं काम करतात का, या सगळ्यांचा एकत्र विचार करायचा असतो. यातली एक गोष्ट आढळली म्हणून निकाल लागत नाही. व्हिडिओत मूल दिसतं, एवढ्यावर तो मुलांसाठीचा होत नाही. घरातल्या सगळ्यांना बघण्यासारखा आहे, एवढ्यावरही होत नाही.

बाईंच्या व्हिडिओला ही कसोटी लावून पाहू. मुलं आहेत, पण ती मदतनीस आहेत. मावळे आहेत, पण शेवटच्या मिनिटात आणि मांडणी दाखवण्यापुरते. भाषा मात्र कामाची आहे: काला, उतार, भार, निचरा. विटा रचणं आणि पाण्याचा निचरा सांभाळणं हे दहा-बारा वर्षांचं मूल मोठ्यांच्या सोबतीने करतं. म्हणजे हा व्हिडिओ पालक, शिक्षक, मंडळाचे कार्यकर्ते आणि मोठी मुलं यांच्यासाठी आहे. तो सर्वांसाठीचा आहे, आणि इथे 'नाही' हे प्रामाणिक उत्तर आहे.

पण समजा याच बाईंनी दुसरा व्हिडिओ केला. तीन मिनिटांचा, त्यात मातीचे मावळे एकमेकांशी बोलतात, गडावर कोण राहायचं ते गोष्टीतून सांगतात, मधे एक गाणं आहे आणि आवाज चिमुकल्यांशी बोलावं तसा. तो निःसंशय मुलांसाठीचा आहे. तिथे 'नाही' म्हणणं चुकीचं आहे, आणि ते बहुधा टिकतही नाही. यूट्यूबची यंत्रणा असे व्हिडिओ स्वतः ओळखते आणि गरज वाटली तर उत्तर बदलून टाकते. मग ते उत्तर आपल्याला बदलता येत नाही, फक्त हरकत नोंदवता येते. त्या छोट्या व्हिडिओला मुलांच्या व्हिडिओंच्या शेजारी जाण्याचा फायदाच आहे. त्याचा बघणारा तिथेच आहे.

म्हणून ज्या चॅनेलवर दोन्ही तऱ्हेचे व्हिडिओ येतात, त्यांनी सगळ्या चॅनेलला एकच उत्तर देऊन ठेवू नये. स्टुडिओच्या सेटिंगमध्ये चॅनेलच्या प्रगत भागात तीन पर्याय असतात: पूर्ण चॅनेल मुलांसाठी, पूर्ण चॅनेल मुलांसाठी नाही, किंवा प्रत्येक व्हिडिओचं उत्तर वेगळं. मराठीत गोष्टी, हस्तकला, सण आणि शाळेचे उपक्रम एकत्र करणारी चॅनेलं पुष्कळ आहेत. माझ्या मते त्या सगळ्यांनी तिसरा पर्याय निवडावा. दर वेळी अर्धं मिनिट जास्त लागेल, पण ते वसूल होतं.

आणखी एक गोंधळ इथेच मिटवायला हवा, कारण तो फार नुकसान करतो. 'लहान मुलांसाठी नाही' याचा अर्थ 'फक्त प्रौढांसाठी' असा नाही. तो वेगळा पर्याय आहे, त्याच प्रश्नाच्या खाली, वयोमर्यादेच्या नावाने. तिथे अठरा वर्षांवरील असं निवडलं, की लॉगिन न केलेल्या माणसाला आणि अठराखालच्याला व्हिडिओ दिसतच नाही, इतर बहुतेक संकेतस्थळांवर तो लावता येत नाही आणि जाहिरातीही मर्यादित होतात किंवा मिळतच नाहीत. काही जण "मुलांसाठी नाही म्हटलंय, तर हेही भरावं लागेल" असं समजून तो पर्याय निवडतात. किल्ल्याच्या व्हिडिओने तसं केलं तर ज्या बारा वर्षांच्या मुलीने आजीच्या फोनवर लॉगिन न करता तो शोधला, तिला तो उघडणारच नाही. हा पर्याय हिंसा, दारू किंवा तत्सम विषय असतील तरच वापरायचा.

आता भाषेकडे येऊ. इथे आपण काहीच भरलं नाही तरी व्हिडिओ प्रसिद्ध होतो, त्यामुळे चूक लक्षात येत नाही. भाषेचे दोन रकाने असतात. एक व्हिडिओत बोलली जाणारी भाषा, दुसरा शीर्षक आणि वर्णन ज्या भाषेत लिहिलंय ती. दोन्ही वेगळे असू शकतात. मराठी बोलून इंग्रजी शीर्षक देणारे खूप आहेत, आणि त्यांनी पहिल्या रकान्यात मराठी व दुसऱ्यात इंग्रजी भरायला हवं.

याचा शिफारशींशी काय संबंध, ते समजायला २०१६ चा एक शोधनिबंध उपयोगी आहे. गूगलच्या पॉल कव्हिंग्टन, जे अ‍ॅडम्स आणि एम्रे सार्गिन यांनी त्यात यूट्यूबच्या शिफारशी कशा चालतात ते मोकळेपणाने मांडलं होतं. काम दोन टप्प्यांत होतं. पहिल्या टप्प्यात लाखो व्हिडिओंमधून एका माणसासाठी काहीशे निवडले जातात, मुख्यतः त्याने आधी काय बघितलं आणि काय शोधलं यावरून. दुसऱ्या टप्प्यात त्या काहीशेंची क्रमवारी लागते, आणि तिथे यंत्रणा अंदाज बांधते की हा माणूस हा व्हिडिओ किती वेळ बघेल. या दुसऱ्या टप्प्यात विचारात घेतलेल्या गोष्टींमध्ये बघणाऱ्याची भाषा आणि व्हिडिओची भाषा या दोन्हींचा स्पष्ट उल्लेख आहे. त्यानंतर यंत्रणा बरीच बदलली असणार. २०२१ साली यूट्यूबच्या क्रिस्टोस गुडरो यांनी लिहिलं की ८० अब्जांहून अधिक संकेतांवरून ती शिकते. पण तर्क तोच आहे. जी भाषा माणसाला कळत नाही, त्या भाषेतला व्हिडिओ तो फार वेळ बघत नाही.

यातून एक गोष्ट निघते आणि ती नीट समजून घ्यायला हवी. भाषेचा रकाना भरला म्हणून यूट्यूब व्हिडिओ चार लोकांना जास्त दाखवत नाही. तो भरल्याने व्हिडिओची ओळख बरोबर होते, एवढंच. खरी दिशा बघणारे देतात. न्यू जर्सीत राहणाऱ्या, फोन इंग्रजीत ठेवलेल्या पण रोज रात्री मराठी नाटकं आणि कीर्तनं ऐकणाऱ्या माणसाला यूट्यूब मराठी व्हिडिओ सुचवतं, कारण त्याचं बघणं तसं आहे. नव्या व्हिडिओला मात्र अजून बघणारे नाहीत. त्या पहिल्या दिवसांत यंत्रणेपुढे शीर्षक, वर्णन, आवाज, चॅनेलचे जुने प्रेक्षक आणि आपण भरलेली माहिती एवढंच असतं. त्या वेळी ओळख चुकीची असेल तर पहिली माणसंही चुकीची येऊ शकतात.

मराठीला यात एक खास अडचण आहे. आपली लिपी आणि हिंदीची लिपी एकच. 'दिवाळी किल्ला' या शीर्षकात 'ळ' आहे म्हणून ते मराठी वाटेल, पण 'रायगड दर्शन' असं छोटं शीर्षक हिंदी आहे की मराठी, हे अक्षरांवरून सांगता येत नाही. त्यात बाईंच्या विद्यार्थ्याने आधी कधीतरी अपलोडच्या ठरावीक सेटिंगमध्ये हिंदी भरून ठेवलं असेल, तर प्रत्येक नवा व्हिडिओ आपोआप हिंदी म्हणून जाणार. हे रकाने एकदा भरले की पुढच्या सगळ्या व्हिडिओंना लागू होतात, हाच त्यांचा उपयोग आणि हाच धोका.

चूक झाली आहे हे ओळखायची एक सोपी खूण आहे: आपोआप तयार झालेली सबटायटल्स उघडून बघा. भाषा चुकीची धरली असेल तर यंत्रणा मराठी आवाजावर हिंदी किंवा इंग्रजी शब्द बसवत जाते आणि खाली धड कुठल्याच भाषेचा नसलेला मजकूर धावतो. तो दिसला, की व्हिडिओची भाषा तपासायची आणि ती सबटायटल्स काढून टाकायची. ज्यांना जमेल त्यांनी स्वतः मराठी सबटायटल्स लिहून जोडावीत. नऊ मिनिटांच्या व्हिडिओला त्यासाठी दीड-दोन तास लागतील, पण कमी ऐकू येणाऱ्यांना आणि आवाज बंद करून बघणाऱ्यांना त्याचा मोठा आधार होतो.

भाषांतरित शीर्षकांची सोयही इथेच आहे. स्टुडिओत दुसरी भाषा जोडून तिच्यात शीर्षक आणि वर्णन देता येतं. मग इंग्रजीत यूट्यूब वापरणाऱ्याला इंग्रजी शीर्षक दिसतं. परदेशात वाढलेल्या मराठी मुलांसाठी, ज्यांना ऐकलेलं मराठी समजतं पण देवनागरी भराभर वाचता येत नाही, ही सोय खरोखर चांगली आहे. मात्र बाईंनी त्याच उत्साहात तमिळ, स्पॅनिश आणि अरबी शीर्षकंही जोडली तर उलटं होईल. स्पॅनिश शीर्षक बघून आलेला माणूस मराठी ऐकून दहा सेकंदांत निघून जाईल, आणि असे निघून गेलेले प्रेक्षक यंत्रणेला हेच सांगतात की या व्हिडिओत लोकांना रस नाही. माझं मत असं, की ज्या भाषेत सबटायटल्सही देणार नाही, त्या भाषेत शीर्षक देऊ नये. मराठी आणि इंग्रजी, फार तर हिंदी, एवढं पुरे.

रोमन लिपीतलं मराठीही इथे लक्षात घ्यावं लागतं. `diwali killa kasa banvaycha` असं टाइप करून शोधणारे कमी नाहीत. ही ओळ वर्णनात एकदा सहज वाक्यात आली तर चालते. शीर्षक मात्र देवनागरीत ठेवावं, आणि शीर्षकाची भाषा मराठी. टॅगच्या रकान्यात पन्नास शब्द कोंबायची गरज नाही. शोधात टॅगचा वाटा अगदी नगण्य असतो आणि एखादा शब्द लोक वारंवार चुकीचा लिहीत असतील तरच तो उपयोगी पडतो, हे यूट्यूबने स्वच्छ सांगितलं आहे.

कॅटेगरीबद्दल थोडक्यात. पंधराएक नावांच्या यादीतून एक निवडायचं असतं: `Education`, `Howto & Style`, `People & Blogs`, `Entertainment`, `Music` वगैरे. काही निवडलं नाही तर बहुधा `People & Blogs` लागतं. पूर्वी प्रेक्षक विभागवार व्हिडिओ धुंडाळत असत, तेव्हा या नावाला अर्थ होता. आता माणूस होमपेजवरून, शोधातून किंवा शेजारी सुचवलेल्यातून व्हिडिओपर्यंत येतो. ट्रेंडिंगचं पानही यूट्यूबने २०२५ मध्ये बंद करायचं जाहीर केलं. म्हणून `Entertainment` निवडलं की जास्त लोकांना दिसेल, या समजुतीला आधार नाही. बाईंच्या व्हिडिओला `Howto & Style` चपखल बसतं. `Education` हे अभ्यासक्रमाशी जोडलेल्या व्हिडिओंसाठी जास्त कामाचं आहे, कारण ते निवडलं की इयत्ता, परीक्षा, धड्याचा प्रकार असे जादा रकाने उघडतात आणि ते भरले तरच त्याचा फायदा. आठवीच्या भूमितीचा धडा असता तर मी तेच निवडायला सांगितलं असतं. खऱ्याला धरून असेल ते निवडावं आणि पुढे जावं.

हे सगळं बरोबर झालं का, हे कळायला दोन आठवडे लागतात आणि त्यासाठी एकच जागा बघायची. स्टुडिओत त्या व्हिडिओचं अ‍ॅनॅलिटिक्स उघडलं, की प्रेक्षक कुठून आले ते दिसतं: होमपेज, सुचवलेले व्हिडिओ, शोध, बाहेरची संकेतस्थळं. यातल्या 'सुचवलेले व्हिडिओ' यावर टिचकी मारली, की कोणकोणत्या व्हिडिओंच्या शेजारी आपला व्हिडिओ सुचवला गेला, त्यांची यादी मिळते. बाईंच्या यादीत आकाशकंदील कसा करायचा, रांगोळी, दुसऱ्या कुणाचा किल्ला, गडभ्रमंती असे व्हिडिओ असतील तर यंत्रणेला व्हिडिओ कळला आहे. कार्टून आणि बडबडगीतं असतील तर प्रेक्षकाचं उत्तर पुन्हा तपासायचं, आणि ते आपण दिलेलं आहे की यूट्यूबने बदललेलं, हे व्हिडिओंच्या यादीतल्या `Restrictions` या रकान्यात बघायचं. हिंदी भक्तिगीतं किंवा हिंदी इतिहासाचे व्हिडिओ भरलेले असतील तर भाषेचे रकाने बघायचे.

त्याच पानावर थंबनेल किती वेळा दिसलं आणि त्यातून किती जणांनी व्हिडिओ उघडला, याचं प्रमाण असतं. यूट्यूबवरच्या निम्म्या चॅनेलांचं आणि व्हिडिओंचं हे प्रमाण २ ते १० टक्क्यांच्या दरम्यान असतं. बाईंचं ५ टक्के आहे, पण बघण्याचा सरासरी वेळ नऊ मिनिटांपैकी फक्त चाळीस सेकंद, असं दिसलं तर थंबनेलने माणसं आणली पण ती चुकीची होती, किंवा सुरुवात लांबली. प्रमाण दीड टक्का आणि सरासरी वेळ पाच मिनिटं असेल तर गोष्ट उलटी. जे आले त्यांना व्हिडिओ आवडला, पण तो दाखवला जातोय भलत्यांना, किंवा शीर्षक-थंबनेलवरून तो कशाचा आहे ते कळत नाही. इथे सेटिंग तपासणं सार्थ ठरतं. पहिल्या प्रकारात सेटिंगला हात लावून काही होणार नाही. पहिला अर्धा मिनिट कापावा लागेल.

अशा सणाच्या व्हिडिओची तुलना गेल्या महिन्याशी करू नये. किल्ला शोधणारे नवरात्र संपता संपता वाढायला लागतात आणि लक्ष्मीपूजनानंतर झपाट्याने ओसरतात. कार्तिकात व्हिडिओ थंडावला म्हणून घाबरून प्रेक्षकाचं उत्तर बदलणं, भाषा हिंदी करून बघणं, कॅटेगरी फिरवणं, हे सगळं वाया जाणारं काम आहे. त्या व्हिडिओला गेल्या दिवाळीच्या त्याच आठवड्यांशी ताडून बघावं, आणि सेटिंगची एकदा शांतपणे उजळणी करायची तर ती दसऱ्याच्या आधी, अळीव पेरायला घेण्याआधी करावी.